दोन मिनिटं डोळे मिटून

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा माझ्या हातात सात दात होते.

म्हणजे डबीत होते. मी इथे परदेशात दातांच्या लॅबमध्ये काम करते. दंतवैद्य माप पाठवतात, आम्ही चिनीमातीचे दात घडवतो, भट्टीत भाजतो, रंगाला रंग जुळवून परत पाठवतो. ती सात दातांची डबी खालच्या टपालाच्या खोलीत द्यायला मी निघाले होते. सहाला दोन मिनिटं कमी होती. लिफ्टने एक हिसका दिला आणि ती गप्प उभी राहिली.

मी घंटा दाबली. थोड्या वेळाने वरून पावलं आली आणि एक पुरुषी आवाज इथल्या भाषेत म्हणाला, "घाबरू नका. दाराला हात लावू नका. मी याच इमारतीत दुरुस्तीला आलोय."

तेवढ्यात सहा वाजले, आणि माझा फोन बोलला.

"अप्पांना फोन. डोळ्यांचे थेंब."

मी फोनला आठवण मोठ्याने वाचायला सांगून ठेवलं होतं. त्यातली बाई मराठी अशी बोलायची, जणू सरकारी परिपत्रकं वाचून शिकली असावी. वरून तोच आवाज आला, पण आता मराठीत...

"आतमध्ये दोघीजणी आहात का?"

"एकच आहे," मी म्हणाले. "दुसरी फोनमध्ये आहे. आणि तुम्ही मराठी आहात तर जरा घाई करा. वडील वाट बघतायत."

"लावा की फोन."

"लागत नाहीये. आठवणीला नेटवर्क लागत नाही, ती फोनमध्येच असते, कुठेही वाजते. बोलायला लागतं ना... आणि या पेटीत नेटवर्कची एक काडी दिसत नाही."

"लोखंडी डबा आहे, कसं येईल. मला वर जाऊन ब्रेक हाताने सोडावा लागेल, दहा-पंधरा मिनिटं धरा." मग त्याला सुचलं. "नंबर सांगा. मी लावतो इथून."

अनोळखी माणसाला अप्पांचा नंबर... पण दुसरा इलाज नव्हता. मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन एकेक आकडा ओरडून सांगितला. त्याने स्पीकर लावला. फटीतून मला अप्पांचा आवाज ऐकू आला, लांबचा, पण स्वच्छ.

"कोण?"

"मी लिफ्टवाला बोलतोय."

"आमच्याकडे लिफ्ट नाही. बैठं घर आहे," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तशा अवस्थेतही हसले. वरचा माणूसही हसत होता. त्याने पुन्हा लावला, नीट समजावलं. मी खालून सांगत गेले आणि तो पुढे पोचवत गेला. एकेका डोळ्यात एकच थेंब, मग डोळे मिटायचे, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, दोन मिनिटं. नाहीतर औषध डोळ्यात न राहता घशात उतरतं.

"टाकले म्हणतायत," तो म्हणाला. "आणि म्हणतायत, आता दोन मिनिटं बोलत राहा. काय बोलू?"

"काहीही. मी रोज सांगते, बाहेर काय दिसतंय ते."

तो खाकरला. मग माझ्या वडिलांना सांगू लागला, "तर अप्पा... इथे एक लांब बोळ आहे. टोकाला खिडकी आहे, पाऊस लागलाय तिच्यावर. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे विसरलंय, ते भिजतायत. तुमची मुलगी दिसत नाही मला. नुसता आवाज येतोय. आवाज खमका आहे."

फोन आटोपून तो वर गेला, लिफ्ट हळूहळू वर सरकली. त्याने परत येऊन दार उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याला पाहिलं. कोपरापर्यंत वंगण, कपाळावर दिवा, आणि हसताना दिसणारा समोरचा एक दात किंचित तिरका. माझी नजर आधी दातांवरच जाते, धंद्याची सवय.

"अप्पांनी विचारलंय," तो म्हणाला, "लिफ्टवाल्याचं लग्न झालंय का."

"ते सगळ्यांना विचारतात," मी म्हणाले. माझे कान मात्र तापले.

अप्पांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी राखायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज रात्री, ठरलेल्या वेळी. अप्पा विसरायचे, नाहीतर विसरल्याचं विसरायचे. आई गेल्यापासून त्यांना कशाची ठरलेली वेळच उरली नव्हती. म्हणून मी फोनच्या कॅलेंडरमध्ये रोजची आठवण लावली, इथले संध्याकाळचे सहा, म्हणजे तिथले साडेनऊ. साडेनऊला ते झोपायला जातात. शेवटची तारीख त्यात घातली नाही, 'रोज' एवढंच.

त्याआधी माझ्या संध्याकाळी कशा जायच्या, मला आठवतही नाही. लॅबमधून खोलीवर, पातेल्यातलं पातेल्यातच खाऊन झोप. आठवण लागली आणि अप्पांच्या मिटलेल्या डोळ्यांसाठी मला दोन मिनिटांचं काहीतरी हवंसं झालं. मग मी बघायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीत नेटवर्क चांगलं यायचं. तिथे बसून मी त्यांना सांगायची, आज ढग कोणत्या रंगाचे आहेत, समोरच्या न्हाव्याने पाटी नवी लावली आणि उलटी लावली, बसथांब्यावर एक म्हातारी रोज दोन तिकिटं काढते. अप्पा डोळे मिटून ऐकायचे. मधे एक शब्द बोलायचे नाहीत. मग हळूच, "झाली ग ठमे दोन मिनिटं." मी लहानपणी ठमकत चालायची म्हणून ठमी.

लिफ्ट दुरुस्त झाली, पण लिफ्टवाला यायचा थांबला नाही.

त्याच्या कंपनीची कोठी आमच्या मागच्याच गल्लीत होती. दिवसभर दहा इमारती फिरून तो सहाच्या सुमाराला किल्ल्या जमा करायला तिकडे यायचा. दुसऱ्या दिवशी तो जिन्यावर दिसला तेव्हा म्हणाला, "ब्रेक बघायला आलो." तिसऱ्या दिवशी, "तारा बघायला." चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "आज काय बघायला?"

तो खालच्या पायरीवर बसला. "आज काही नाही... अप्पांना सांग मी बसलोय."

मी सांगितलं. अप्पांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर आता ढगांबरोबर हाही येऊ लागला. "आज त्याच्या बाहीला नवं भोक पडलंय, अप्पा. आज केस कापलेत, त्याच उलट्या पाटीवाल्याकडे, आणि केसही तसेच झालेत." तो ऐकत असायचा, मान खाली घालून, बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत.

"माझ्याबद्दल चांगलं कधी सांगणार?" त्याने एकदा विचारलं.

"दिसलं की सांगेन."

एकदा मी दातांच्या रंगांची पट्टी घेऊन आले. सोळा छटांचे सोळा दात असतात तिच्यावर. रंग खिडकीच्या उजेडातच जुळवायचा, दिव्याखाली फसतो. "हस जरा," मी म्हणाले.

"कशाला?"

"तिरका दात कोणत्या छटेचा आहे, बघायचंय."

तो हसला. मी एकेक छटा त्याच्या ओठांशी धरून बघत होते. नियम असा की पाच सेकंदांपेक्षा जास्त बघायचं नाही, नजर थकते आणि रंग चुकतो. मी पाच सेकंद केव्हाच ओलांडले होते... तो हसायचं थांबला होता, पण हलला नव्हता.

"सापडली?" तो हळू म्हणाला.

"नाही. उद्या परत बघावं लागेल."

फोन झाला की आम्ही माझ्या थांब्यापर्यंत चालत जायचो. वाटेत तो लिफ्टच्या गोष्टी सांगायचा, मी दातांच्या. त्याच्या घरी दादा-वहिनी होते, महिन्याकाठी एक फोन. "सहा वाजता कोणी माझी वाट बघतंय, असं या गावात पहिल्यांदाच झालंय," तो एकदा म्हणाला. अप्पांबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग मलाही.

ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे जातात. रविवारी पहाटे फोन आपोआप वेळ बदलतो, कोणाला काही करावं लागत नाही. मी एक तास जास्त झोपले, खूश झाले आणि विसरले. सोमवारी सहाला आठवण वाजली. मी जिन्यावर गेले, तो पायरीवर होता, अप्पांनी थेंब टाकले. सगळं नेहमीसारखं.

तीन आठवड्यांनी अप्पा म्हणाले, "ठमे, बाटली संपली बघ. उद्या आणतो."

बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, म्हणून तिचीही आठवण मी लावली होती. ती वाजायला अजून आठ दिवस होते.

"संपली कशी, अप्पा? चार आठवडे पुरून उरते ती."

"सांडलं असेल."

"एवढं?"

मग ते म्हणाले, "साडेनऊला झोप येते मला. हात आपोआप बाटलीकडे जातो. टाकतो थेंब. मग साडेदहाला तुझा फोन येतो. तू म्हणतेस टाका, मी परत टाकतो."

साडेदहा. मी खिडकीत उभी होते तशीच राहिले. माझं घड्याळ मागे गेलं होतं, अप्पांचं नाही. त्यांच्याकडे घड्याळं कधी हलतच नाहीत. आठवण इमानदार होती, इथल्या सहालाच वाजत होती. आणि इथले सहा म्हणजे आता तिथले साडेदहा झाले होते.

"मला सांगायचं ना, टाकलेत म्हणून..."

"सांगितलं असतं तर ती दोन मिनिटं गेली असती," अप्पा म्हणाले. "डोळे मिटून ऐकायची."

कसंबसं त्यांना उद्याच डॉक्टरांकडे जायला सांगून फोन ठेवला आणि वळले. तो पायरीवरून उठला होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिकडे साडेदहा होतात ते. फोनवर दोन्हीकडची घड्याळं ठेवलीत मी, पहिल्याच सोमवारी लक्षात आलं. थेंब दोनदा टाकतायत हे नव्हतं माहीत, शप्पथ. वाटलं, तासभर जागतात, एवढंच."

"आणि बोलला नाहीस?"

तो हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिला. "साडेनऊ म्हणजे आता इथले पाच. पाचला तू कामावर असतेस. आत कुठेतरी उभी राहून बोलली असतीस. मग सहाला... इथे कशाला आली असतीस?"

"माझ्या बापाची झोप मोडून तुला संध्याकाळ हवी होती?"

तो खाली निघाला. जिना उतरताना त्याची पावलं मी मोजली, खालचं दार लागेपर्यंत.

डॉक्टरांनी अप्पांना झापलं. दोनदा टाकून गुण दुप्पट होत नाही, उलट औषध कमी लागू पडतं. डोळ्यांतला दाब थोडा वाढला होता. एकदाच, ठरल्या वेळी, आणि महिन्याने परत दाखवा.

मी कॅलेंडर उघडलं. आठवणीच्या पोटात एक ओळ असते, वेळ कुठल्या ठिकाणची. ती मी कधी बघितलीच नव्हती. तिथे मी इथल्याऐवजी अप्पांच्या गावचं घड्याळ निवडलं आणि वेळ लिहिली, रात्रीचे साडेनऊ. आता इथली घड्याळं मागे जावोत नाहीतर पुढे, आठवण अप्पांच्या साडेनऊला बांधलेली राहणार होती. हिवाळ्यात इथे पाचला वाजेल, उन्हाळ्यात सहाला, आपली आपण.

लॅबच्या मुख्य बाईंना विचारलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, पाचच्या आधी भट्टी भरून चालू करायची, दहा मिनिटं घ्यायची आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबायचं. मी हो म्हणाले. आता मी साडेसहाला सुटत होते. सुटून जिन्यात यायची तेव्हा पायऱ्या मोकळ्या असायच्या.

पाचला खिडकीबाहेर अंधार व्हायला लागला होता. मी अप्पांना सांगायची, "आज पाऊस आहे. आज पाऊस नाही. आज वारा आहे." डोळ्यांचा कोपरा दाबून ते ऐकायचे.

मनात मी त्याच्याशी रोज भांडत होते आणि रोज एक मुद्दा हरत होते. त्याच्या फोनवर दोन घड्याळं होती हे खरं. पण माझ्या फोनवर काय नव्हतं? त्या सोमवारी मला एक तास वजा करता आला नसता? सोळा छटांमधली एक छटा बरोबर ओळखणारी मी, मला अप्पांच्या आवाजातली झोप ओळखता आली नाही... की ओळखायची नव्हती? सहाची आठवण वाजण्याआधीच मी केस सारखे करून बसलेली असायची. अप्पांशी बोलताना कोणी केस सारखे करतं का?

भांडणं सरली तसा तो नुसता आठवू लागला. रस्त्यात वंगणाचा वास आला तरी मान वळायची. ज्या इमारतीत लिफ्ट दिसे, तिच्या दारावरच्या दुरुस्तीच्या तक्त्यावर मी सही शोधायची. दोनदा सापडली. एकदा तर शाई पुरती वाळलेलीही नव्हती.

महिन्याने अप्पांचा दाब खाली आला. त्या दिवशी पाचला ते खुशीत होते. थेंब टाकले, डोळे मिटले. मी म्हणाले, "आज थंडी आहे. ढगही आहेत."

दोन मिनिटांत ते कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "ठमे, हल्ली तू मला नुसतं हवामान सांगतेस."

मी काचेवरची वाफ बोटाने पुसत राहिले. तेच पुढे म्हणाले,

"तो रविवारी फोन करतो मला. सकाळी. पहिल्या रविवारी माफी मागितली. मी म्हटलं, बाबा रे, मीही लबाडी केली, तीही दोन्ही डोळ्यांनी. आता आम्ही गप्पा मारतो."

"माझं काही विचारतो?"

"दर वेळी. मी सांगतो, हवामान बरं आहे." मग म्हणाले, "मी डोळे मिटून ऐकतो पोरी, पण ऐकू नीट येतं मला. उन्हाळ्यात तू ढग सांगायचीस तेव्हा त्या ढगांतसुद्धा तो असायचा. त्याने चूक केली, कबूल. त्याला कोणी पकडलं नसताना तो स्वतःहून म्हणाला ना, की मला माहीत होतं? माझ्या वाट्याची झोप मी माफ केली. तुझ्या वाट्याचं तू बघ."

मंगळवार होता. मंगळवारी त्याचा लिफ्ट-निरीक्षकाच्या परीक्षेचा वर्ग असायचा, गावाच्या पलीकडच्या टोकाला, साडेसातपर्यंत. उन्हाळ्यात तो वैतागून सांगायचा त्याबद्दल. मी साडेसहाला लॅबमधून निघाले आणि माझ्या बसऐवजी दुसरीच बस पकडली.

वर्गाच्या इमारतीसमोर बारीक पाऊस होता. मी रस्त्याच्या अलीकडे उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं होतं, तीनही वेळा वेगळं. साडेसात झाले. दार उघडलं, माणसं छत्र्या उघडत बाहेर पडली आणि पांगली. तो शेवटी आला, वही कोटाच्या आत दडवत. मला बघून पायरीवरच थांबला.

"अप्पा बरे आहेत ना?" त्याचा पहिला प्रश्न.

"बरे आहेत. दाब उतरला."

"मग... काय झालं?"

"काही नाही झालं."

तो रस्ता ओलांडून आला. मधे हातभर अंतर ठेवून उभा राहिला. त्याची बाही अजून फाटकीच होती.

"मी बोललो नाही हे चुकलंच," तो म्हणाला. "किती वेळा ठरवलं की येऊन सांगावं. पण पाचला मी कामावर, सहाला तू जिन्यात नसणार, मग कुठल्या निमित्ताने येऊ... लिफ्ट तर बिघडत नाहीये तुमची. मीच नीट केलीय."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"ऐक," मी म्हणाले. "अप्पांचा फोन दहा मिनिटांचा असायचा. मी अर्धा तास आधी भट्टी आवरून ठेवायची. तू खोटं बोलला नाहीस, फक्त बोलला नाहीस. मीही तेच केलं. मला घड्याळ बघायचंच नव्हतं."

त्याने वही काढली, परत आत ठेवली. "आता सहाला तू नसतेस."

"साडेसहाला सुटते."

"मला आता आठवड्यातून तीन दिवस पावणेसातला इथे बसावं लागतं. मार्चपर्यंत. मधे गावभर बस," तो म्हणाला. "वेळ कुठेच जुळत नाही आपली."

"साडेसातला जुळते. इथून माझ्या बसपर्यंत वीस मिनिटं चालत लागतात, येताना बघितलंय मी."

"तू तीन-तीन दिवस इतकी लांब येणार? वीस मिनिटांसाठी?"

"आज आलेच ना," मी म्हणाले. "आणि आज काही वाजलं नव्हतं. कोणी आठवण केली नाही, कोणाला फोन करायचा नव्हता. मी आपली आले. तुझ्यासाठी."

पाऊस जरा वाढला. तो माझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की मला पाच सेकंदांचा नियम सांगावासा वाटला. मग त्याने कोटाची बाही खाली ओढली, वंगणाचे डाग असलेला हात पुढे केला, आणि अवघडून म्हणाला, "हात खराब आहेत... चालेल?"

मी हात धरला. आम्ही लांबच्या रस्त्याने निघालो, आणि वीस मिनिटांचे किती झाले ते दोघांनीही बघितलं नाही.